सीड नंबर विकत घेतला आणि फसलो, तुम्ही नका फसू

माझी सीरमची काचेची बाटली आहे, ड्रॉपरवाली, आणि तिचे वेगवेगळ्या बॅकग्राउंडवर बारा फोटो हवे होते. एका माणसाची जाहिरात दिसली, की ओल्या काळ्या दगडावर बाटली, मागून सोनेरी लाइट, खाली पाण्याचे थेंब, असा शॉट तो स्टेबल डिफ्यूजन नावाच्या चित्र बनवणाऱ्या AI मध्ये करतो आणि त्याची 'रेसिपी' विकतो. म्हणे रेफरन्स इमेज, सीड आणि स्टाइल वेट, म्हणजे रेफरन्सची स्टाइल किती जोरात घ्यायची तो आकडा, एवढं दिलं की तुमची बाटली टाका, सेम शॉट येणार. व्हिडिओत तसं करूनही दाखवलं होतं. मी लगेच पैसे टाकले, तेही आगाऊ (हो, माहितीये).

पॅकमध्ये एक jpg आली आणि हे एवढं:

```
Steps: 30, CFG scale: 6, Seed: 2871445093
style weight: 0.8
```

बस. मॉडेल कुठलं, सॅम्पलर कुठला, साइज काय, काहीच नाही. तेव्हाच खटकायला हवं होतं, कारण सीड म्हणजे काही फोटोचा पत्ता नाही, तो फक्त सुरुवातीचा नॉइज, म्हणजे ठिपक्यांचा गोंधळ, कुठला घ्यायचा ते ठरवतो. त्या गोंधळातून दगड निघणार की ढग हे मॉडेल आणि प्रॉम्प्ट ठरवतात. नुसती साइज 832x1216 वरून 1024x1024 केली तरी त्याच सीडला वेगळीच मांडणी येते, त्यामुळे नुसता नंबर म्हणजे कुलूप न सांगता दिलेली किल्ली.

तरी मी दोन दिवस झटलो. माझ्या बाटलीचा साधा फोटो img2img मध्ये, म्हणजे फोटोवरून नवा फोटो बनवायच्या मोडमध्ये टाकला, त्याची jpg दुसऱ्या फोटोची स्टाइल उचलणाऱ्या IP-Adapter ला दिली, वेट 0.8. डिनॉइझिंग, म्हणजे आत टाकलेला फोटो किती बदलायचा तो आकडा, 0.75 ठेवलं तर दगड आला, लाइट पण आला, पण लेबलवरची अक्षरं किडामुंगी झाली आणि झाकण चक्क त्याच्या बाटलीचं बसलं! वेट जास्त असलं की स्टाइलच्या फोटोतली वस्तूच तुमच्या चित्रात शिरते, हे मला नंतर कळलं. 0.4 वर आणलं तेव्हा झाकण परत माझं झालं, पण मग तो सोनेरी लाइटही गेला.

त्याला विचारलं तर म्हणतो तुमचं ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे म्हणून. यात अर्धं खरं आहे, नॉइज कार्डवर बनतो की प्रोसेसरवर यावरून सेम सीडलाही वेगळं चित्र येऊ शकतं, म्हणून मी गप्प बसलो. मग रात्री त्याचा व्हिडिओ परत परत बघताना एक गोष्ट दिसली. स्लायडरचा भाग त्याने कापलेला होता, पण मागच्या काळ्या विंडोत प्रोग्रेस 7/7 ला संपत होता. स्टेप्स 30 आणि धावल्या फक्त 7? AUTOMATIC1111 या स्टेबल डिफ्यूजन चालवायच्या प्रोग्राममध्ये img2img साधारण डिनॉइझिंगच्या प्रमाणातच स्टेप्स चालवतं, म्हणजे डिनॉइझिंग 0.2 च्या आसपास. आणि 0.2 म्हणजे आत टाकलेला फोटो जवळजवळ जसाच्या तसा बाहेर, फक्त थोडी पॉलिश.

मग मी त्याची 'रेफरन्स' jpg च img2img मध्ये टाकली, 0.2 ठेवलं आणि सीड तीनदा बदलला, एकदा तर नुसता 1 दिला. तिन्ही वेळा तोच दगड, तोच लाइट, थेंबसुद्धा त्याच जागी. म्हणजे सीडचा त्यात काही संबंधच नव्हता, आणि सीड बदलून चित्र बदलत नसेल तर कार्डाचं कारणही गेलं. शॉट आधीच तयार होता, तो फक्त त्याच्यावरून हात फिरवून 'बनवला' म्हणून दाखवत होता. माझी बाटली त्याच सेटिंगवर टाकली तर माझाच मळका टेबलावरचा फोटो परत आला, जरा गुळगुळीत होऊन.

शेवटचं म्हणून ओरिजिनल PNG मागितली, कारण हा प्रोग्राम सेटिंग्ज PNG च्या आतच लिहून ठेवतो, PNG Info टॅबमध्ये टाकलं की Model hash, Sampler, Size सगळं दिसतं आणि img2img असेल तर Denoising strength पण. पाठवली त्याने, टॅब रिकामा. मेसेजिंग अ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवली तरी ही माहिती उडते, म्हणून म्हटलं झिप करून पाठव. त्यावर ब्लॉक.

कुणी अशी रेसिपी विकत असेल तर पैसे द्यायच्या आधी स्वतःचा प्रॉडक्ट फोटो द्या आणि समोर स्क्रीन शेअरवर तीन वेगळ्या सीडने चालवायला सांगा, डिनॉइझिंगचा स्लायडर दिसलाच पाहिजे. माझे बारा फोटो शेवटी असे झाले, की बॅकग्राउंड वेगळं बनवलं, मॉडेल, साइज आणि सीड एकच ठेवून प्रॉम्प्टमधला फक्त दगडाचा शब्द बदलत गेलो, आणि खरी बाटली लेबलासकट कापून वर बसवली. सावली हाताने काढावी लागली, त्यात तीन फोटोंची अजून नीट जमलेली नाही.