आधी सर्टिफिकेट की आधी बॅच? एकाच प्रशिक्षिकेचे दोन रेझ्युमे

ओळखीतल्या एका योगशिक्षिकेने मला रेझ्युमेचे दोन मसुदे पाठवले आणि विचारलं, "ताई, यातला कुठला पाठवू?" सहा वर्षं शिकवते आहे, माहिती दोन्हींत जवळपास तीच. पहिल्यात वर सर्टिफिकेटं आणि खाली काम, दुसऱ्यात वर काम आणि खाली सर्टिफिकेटं. प्रशिक्षक निवडायचं काम मी बरीच वर्षं केलंय, त्यामुळे दोन्ही वाचताना माझी नजर कुठे अडकली तेच सांगते.

पहिल्या मसुद्याचं पहिलं अर्धं पान अकरा सर्टिफिकेटांनी भरलेलं होतं. एका दिवसाच्या कार्यशाळा आणि २०० तासांचा शिक्षक-प्रशिक्षण कोर्स एकाच रांगेत. हा कोर्सच तिची खरी कमाई, पण तो त्या गर्दीत हरवला होता. शिवाय 'आरवायटी २००' हेही सर्टिफिकेट म्हणून लिहिलेलं. ती योगा अलायन्सकडची नोंदणी आहे. सर्टिफिकेट देते ती कोर्स घेणारी संस्था, आणि नोंदणी वेळोवेळी नवी करावी लागते. म्हणून एका ओळीत कोर्स, तास, संस्था आणि वर्ष, आणि दुसऱ्या ओळीत नोंदणी व ती चालू आहे का, असं लिहिलं की तपासणाऱ्याचं काम सोपं होतं. सीपीआर आणि प्रथमोपचाराची मुदत बहुतेक ठिकाणी दोन वर्षांची असते. तिने मुदत लिहिलीच नव्हती, आणि मुदत नसली की ती संपली असावी असंच मी धरते.

दुसऱ्या मसुद्याची सुरुवात अशी होती: "सकाळची बॅच, वय ५५ ते ७०, १४ जण, आठवड्यातून ३ दिवस. बहुतेकांना गुडघ्याचा त्रास." एवढ्या दोन वाक्यांत मला तिचा वर्ग दिसला. पहिल्या मसुद्यात याच जागी "विविध वयोगटांना शिकवण्याचा अनुभव" होतं. ते कोणीही लिहितं.

प्रोग्रॅम डिझाइनच्या बाबतीतही तसंच. पहिल्यात "गरजेनुसार प्रोग्रॅम आखते". दुसऱ्यात बारा आठवड्यांचा एकच प्रोग्रॅम: पहिले चार आठवडे हातांचा आधार घेऊन खुर्चीवरून उठणं-बसणं, पुढचे चार आधार न घेता, शेवटचे चार कमी उंचीच्या बैठकीवरून. ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते सुरुवातीला आणि शेवटी मोजलं, गटाची सरासरी ९ वरून १२ वर गेली. चढण कशी ठेवली आणि फरक कशाने मोजला, दोन्ही कळतं. एक ओळ मात्र मी खोडायला लावली, "गुडघेदुखी बरी केली". आपण डॉक्टर नाही, आणि जाणकार माणूस अशा वाक्यापाशीच थांबतो.

मेंबर टिकण्याचा आकडा दोन्हींत होता आणि दोन्हींत चुकीचा: ११५ टक्के. टिकण्याचं प्रमाण शंभराच्या वर जाऊच शकत नाही. तिने काय केलं होतं? तिमाहीच्या सुरुवातीला सगळ्या बॅचेस मिळून ४० मेंबर, शेवटी ४६, म्हणून ४६ भागिले ४०. पण त्या ४६ मध्ये १४ नवे होते. नवे वजा केले की जुने उरले ३२, म्हणजे ४० पैकी ८० टक्के. आठ जण सोडून गेले होते आणि नव्यांच्या गर्दीत ते दिसत नव्हते. तिला ८० लिहायला कसंसं वाटत होतं. पण "तिमाहीच्या सुरुवातीच्या ४० पैकी ३२ टिकले" ही ओळ मुलाखतीत तिला समजावून सांगता येते, ११५ सांगता येत नाही. आणखी एक भान हवं: वार्षिक फी आधीच भरलेला माणूस कागदावर टिकलेला दिसतो, मग वर्गाला येवो न येवो. तशी फी असेल तिथे हजेरीचा आकडा द्यावा.

मग कुठला पाठवायचा? स्टुडिओत जिथे मुख्य प्रशिक्षक स्वतः वाचणार, तिथे मी दुसरा पाठवायला सांगितला. रुग्णालयाचं वेलनेस केंद्र किंवा मोठी जिम असेल, तर पहिला वाचक बहुधा यादीवर टिक करणारा असतो. त्याला कोर्स आणि सीपीआर वरच्या चार ओळींत सापडले नाहीत तर पुढची बॅच तो वाचणारच नाही. तिथे पहिला चालेल, पण अकराऐवजी तीन सर्टिफिकेटं ठेवून. ज्याने अजून एकही बॅच सलग तीन महिने चालवलेली नाही, त्याच्यापुढे हा प्रश्नच नाही. त्याने पहिला क्रम घ्यावा, सरावासाठी शिकवलेले तास लिहावेत आणि टिकण्याच्या आकड्याची जागा मोकळी सोडावी.

तिने दोन्ही ठेवलेत. दोन्हींत आता ८० टक्के आहे.