मोडीतला फेरफार कोर्टात लावायचा आहे: थेट इंग्रजी करून घ्यावा की आधी देवनागरी?

मुंबई उपनगरातल्या जमिनीचा वाद हायकोर्टात गेला की जुने कागद इंग्रजीत द्यावे लागतात. हे कागद बहुधा मोडीत असतात. पुढे तीन वाटा दिसतात. पहिली, मोडी आणि इंग्रजी दोन्ही जाणणाऱ्या एकाच माणसाकडून थेट इंग्रजी भाषांतर घ्यायचे. दुसरी, मोडी वाचकाकडून देवनागरी लिप्यंतर घ्यायचे आणि त्यावरून दुसऱ्या माणसाकडून इंग्रजी करून घ्यायचे. तिसरी, महसूल दफ्तरात त्याच नोंदीची नंतरची देवनागरी प्रत असेल तर तिचेच भाषांतर लावायचे.

वेळ आणि पैसा पहिल्या वाटेने वाचतो, हे खरे. पण नोंद वादग्रस्त असेल तर आमचे मत ठामपणे दुसऱ्या वाटेच्या बाजूने आहे. मोडी वाचणारे कोर्टात क्वचितच भेटतात. देवनागरी मात्र अशील वाचतो, दोन्हीकडचे वकील वाचतात आणि बहुतेक वेळा न्यायाधीशही वाचतात. थेट इंग्रजीत चूक झाली तर ती मोडी वाचताना झाली की भाषांतर करताना, हे कोणालाच दाखवता येत नाही. मधला देवनागरी कागद असला की चूक कोणत्या टप्प्यावर झाली ते लगेच कळते.

नमुन्यादाखल 1923 सालची वारसाची नोंद घेऊ. नावे आणि आकडे कल्पित आहेत, पण नोंदीची धाटणी नेहमीचीच आहे: “मौजे मरोळ तालुके साष्टी स. नं. 41 हि. नं. 1 क्षेत्र 1 एकर 5॥ गुंठे आकार 2।= राघो बिन गणू मयत वारस मुलगा धोंडू अ. पा. क. आई गंगाबाई कोम राघो.” मूळ मोडीत हे सगळे एका शिरोरेषेखाली सलग असते. शब्दांत जागा नसते, विरामचिन्हे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घ सहसा वेगळे दाखवलेले नसते.

आधी आकडे पाहू. 5॥ म्हणजे साडेपाच गुंठे. उभ्या रेघा पावांच्या असतात: एक म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आडव्या रेघा आण्यांच्या, म्हणजे सोळाव्या भागाच्या. म्हणून 2।= हा आकार, म्हणजे जमिनीचा सारा, दोन रुपये सहा आणे होतो, पावाचे चार आणे आणि आडव्या रेघांचे दोन. घाईत वाचणारा 5॥ मधल्या रेघांना पूर्णविराम समजून पाच गुंठे लिहितो आणि अर्धा गुंठा, म्हणजे साडेपाचशे चौरस फुटांच्या आसपास जागा, कागदावरून नाहीशी होते. आडव्या रेघांचा धोका वेगळा आहे. काळ्यापांढऱ्या झेरॉक्समध्ये त्या वहीच्या छापील ओळीत मिसळून जातात. म्हणून वाचकाला झेरॉक्स देऊ नका. प्रमाणित नक्कल किंवा मूळ पानाचा रंगीत स्कॅन द्या.

आकडे बरोबर वाचले की नाही हे मोडी न येणाऱ्यालाही तपासता येते. सगळ्या हिश्श्यांची बेरीज सर्व्हे नंबरच्या एकूण क्षेत्राशी जुळायला हवी. आपल्या उदाहरणात बाकीचे दोन हिस्से 22 गुंठे आणि 12॥ गुंठे असले, तर 40 गुंठ्यांचा एकर धरून बेरीज बरोबर दोन एकर येते. पाच गुंठे वाचले असतील तर ती 1 एकर 39॥ गुंठ्यांवर अडते. आकाराचीही अशीच बेरीज करून पाहा. ती जुळली नाही तर कागद वाचकाकडे परत पाठवा आणि त्याआधी भाषांतराला हात लावू देऊ नका.

नात्यांच्या शब्दांत होणारी चूक याहून महाग पडते. “अ. पा. क.” म्हणजे अज्ञान पालनकर्ता. नोंदीचा अर्थ असा की धोंडू अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, आहे आणि त्याची आई गंगाबाई त्याच्या वतीने पाहते. ही तीन अक्षरे वाचताना सुटली तर उरते “वारस मुलगा धोंडू आई गंगाबाई”. त्यावरून इंग्रजी करणारा दोन वारस लिहितो, मुलगा आणि मयताची आई, आणि वंशावळीत एक पिढी चुकते. हे सावरणारा शब्द “कोम”. कोम म्हणजे अमक्याची बायको, तर बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. त्यामुळे गंगाबाई राघोची विधवा ठरते. कोमचे इंग्रजी “डॉटर ऑफ” केलेले भाषांतर आले तर ते तिथेच थांबवा. हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा 1937 चा. त्याआधी मुलगा असताना विधवेला वारसा मिळत नसे, फक्त पोटगीचा हक्क असे. म्हणून 1923 च्या या नोंदीत ती पालक आहे की वारस, यावर अख्ख्या दाव्याचा कल ठरू शकतो.

थेट इंग्रजीची वाट इथेच कमी पडते. अ. पा. क. सुटल्याचे इंग्रजी पानावर काहीच चिन्ह राहत नाही. वाक्य सरळ, वाचायला स्वच्छ असते.

दोन टप्प्यांच्या वाटेतही एक धोका आहे, तो दुसऱ्या माणसाचा. महसुली मराठी न जाणणारा भाषांतरकार “आकार” चे “साइज” आणि “कुळ” चे “क्लॅन” करतो. हवे असते “असेसमेंट” आणि “टेनंट”. म्हणून लिप्यंतरासोबत संक्षेपांचा आणि महसुली शब्दांचा एक पानी तक्ता द्यायला वाचकाला सांगा आणि तो भाषांतरकाराच्या हाती ठेवा. गावतालुकाही आजचा करू देऊ नका. मुंबई उपनगर जिल्हा 1920 मध्ये झाला, त्याआधी साष्टी ठाणे जिल्ह्यात होती. मुळात जे आहे तेच लिहावे आणि आजचे नाव तळटीपेत द्यावे. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आरही भाषांतरात करू नयेत.

लिप्यंतर मागताना काय मागायचे ते आधीच ठरवा. मूळ पानातली प्रत्येक ओळ तिच्या क्रमांकासह वेगळी हवी आणि इंग्रजीतही तेच ओळक्रमांक हवेत. संक्षेप जसाच्या तसा ठेवून विस्तार चौकोनी कंसात द्यावा. न लागलेले अक्षर अंदाजाने भरू नये, तिथे “अवाच्य” लिहावे. दोन वाचने शक्य असतील तर दोन्ही द्यावीत. शेवटी वाचकाने दाखल्यात कोणत्या तारखेची कोणती नक्कल वाचली ते नमूद करून सही करावी. पुढे त्याला साक्षीला यावे लागू शकते, हे त्याला आधीच सांगा आणि तो तयार नसेल तर दुसरा वाचक शोधा.

तिसऱ्या वाटेचे आकर्षण समजण्यासारखे आहे. देवनागरी प्रत सरकारी असते, आणि हक्कनोंदीतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी असे जमीन महसूल संहिता 1966 चे कलम 157 सांगते. पण पुनर्लेखनात कारकुनाने मोडीवरूनच उतरवलेले असते आणि अ. पा. क. गळण्याची जागाही तीच असते. प्रतिपक्षाने मूळ मोडी पान काढले की ही प्रत एकटी टिकत नाही. दुसऱ्या वाटेने आलेले लिप्यंतर पडताळायला मात्र ती उत्तम. दोन्हींत फरक दिसला तर तो स्वतःहून वकिलाला दाखवा.

थेट इंग्रजी केव्हा चालेल? तातडीच्या अंतरिम अर्जाला एकदोन पाने जोडायची असतील आणि त्यांतल्या मजकुरावर कोणाचा आक्षेप नसेल, तेव्हा. तरीही देवनागरी लिप्यंतर नंतर दाखल करण्याची मुभा अर्जातच मागून ठेवा. दावा ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात असेल तर प्रश्न सोपा होतो. तिथे मराठी चालते, त्यामुळे देवनागरीपर्यंतच खर्च करा आणि प्रकरण अपिलात हायकोर्टात गेले तरच इंग्रजी करून घ्या.