न्यायमूर्तींच्या तारखा: अधिसूचना धरावी की लॉ रिपोर्ट?

बेळगावातल्या एका वकील मित्राने त्यांच्या ग्रंथालयासाठी न्यायमूर्तींची यादी करायला घेतली. आपल्या भागाशी संबंध आलेले उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कोण, ते कधी बसले, कधी वर गेले, कधी निवृत्त झाले, एवढेच त्याला हवे होते. पहिला प्रश्न त्याने मला विचारला तो असा: राजपत्रातल्या अधिसूचना शोधू की कपाटातले लॉ रिपोर्ट उघडू? हे काम मी आधी केलेले आहे, म्हणून माझे मत सांगतो. ते पटलेच पाहिजे असे नाही.

अधिसूचनेची बाजू वजनदार आहे. नियुक्ती राष्ट्रपतींची असते आणि तिचा सरकारी कागद हाच. न्यायमूर्ती अतिरिक्त म्हणून नेमले की कायम म्हणून, कोणत्या कलमाखाली, अतिरिक्त असतील तर किती मुदतीसाठी, हे तिथेच नीट कळते. लॉ रिपोर्टमध्ये दोघांच्याही नावाला सारखेच ‘न्यायमूर्ती’ लागते. मग 1970 साली दिसलेला माणूस दोन वर्षांच्या मुदतीवर होता की कायम, हे निकाल वाचून ओळखता येत नाही. इथे अधिसूचनेला पर्याय नाही, हे मला मान्य आहे.

पण मला तिने जो त्रास दिला तो एका वाक्याचा आहे. नेमणुकीच्या मजकुराचा शेवट साधारण असा असतो: ‘ते आपल्या पदाचा कार्यभार ज्या दिनांकास स्वीकारतील त्या दिनांकापासून’. म्हणजे वर छापलेली तारीख कागद निघाल्याची, आणि माणूस खुर्चीवर बसल्याची तारीख त्या कागदात नाहीच. शपथ नंतर होते, कधी दुसऱ्याच दिवशी, कधी बरेच दिवस उलटून. मी सुरुवातीला अधिसूचनेचीच तारीख नियुक्तीची म्हणून उतरवत गेलो आणि पंधरा-वीस नावे झाल्यावर सगळे खोडून पुन्हा लिहावे लागले. सरन्यायाधीशांच्या बाबतीत हा घोळ होत नाही, कारण आधीचे कधी जाणार हे ठाऊक असते. 17 ऑक्टोबर 2022 च्या अधिसूचनेतच धनंजय चंद्रचूड यांची तारीख 9 नोव्हेंबर अशी होती, कारण उदय लळित 8 नोव्हेंबरपर्यंत होते. उच्च न्यायालयाच्या नव्या न्यायमूर्तींना मात्र वरचेच वाक्य मिळते.

लॉ रिपोर्टमध्ये बऱ्याच मालिकांच्या खंडाच्या तोंडाशी, रोमन आकड्यांच्या पानांत, त्या काळातल्या न्यायमूर्तींची यादी असते. नावापुढे तारा किंवा खंजीर, आणि तळाला बारीक अक्षरात कोण कधी रुजू झाले, कधी गेले. ही तारीख कागदाची नसते, प्रत्यक्ष बसण्या-उठण्याची असते. तळटीप नसली तरी निकाल आहेतच. निकाल ज्या दिवशी जाहीर होतो त्या दिवशी तो देणारा न्यायमूर्ती पदावर असावाच लागतो. सुरेंद्र सिंह प्रकरणात (ए.आय.आर. 1954 एस.सी. 194) निकाल जाहीर होण्याआधीच एक न्यायमूर्ती वारले, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो निकालच वैध मानला नाही. त्यामुळे 12 जुलैच्या निकालावर नाव असेल, तर 12 जुलैला माणूस पदावर होता एवढे नक्की. पहिला आणि शेवटचा निकाल सापडला की दोन खुंट्या ठोकल्या गेल्या. खरी तारीख त्यांच्या बाहेर असू शकते, आत नाही.

बाहेर किती, याचे ताजे उदाहरण याच चंद्रचूडांचे. न्यायालयातला त्यांचा शेवटचा कामाचा दिवस 8 नोव्हेंबर 2024, शुक्रवार. अलिगढ विद्यापीठाचा निकाल त्याच दिवसाचा. निवृत्ती मात्र 10 नोव्हेंबर, रविवारी. त्यांची जन्मतारीख 11 नोव्हेंबर 1959, आणि न्यायमूर्ती पासष्टाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत असतात. त्यांचे वडील यशवंतरावही तसेच: जन्म 12 जुलै 1920, निवृत्ती 11 जुलै 1985. जिल्हा न्यायाधीशांप्रमाणे महिनाअखेर धरणाऱ्यांची यादी इथेच बिघडते. उच्च न्यायालयात वय 62. पण 1963 च्या पंधराव्या घटनादुरुस्तीआधी ते 60 होते. तेव्हा जुन्या नावांना आजचा हिशेब लावू नका.

हिशेबावरच विसंबणाऱ्यांसाठी मी नेहमी के. एस. हेगडे यांचे नाव घेतो. आपल्याकडे ते लोकसभेचे अध्यक्ष म्हणून जास्त आठवतात. 1957 साली राज्यसभा सोडून ते म्हैसूर उच्च न्यायालयात आले. आपले जिल्हे 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबईतून म्हैसूरकडे गेले, म्हणजे त्यानंतरच्याच वर्षी; म्हणून आमच्या यादीत ते येणारच. जन्म 11 जून 1909. सर्वोच्च न्यायालयात गेल्यामुळे 65 चा हिशेब लावला तर निवृत्ती 10 जून 1974 ला येते, आणि मित्राने तीच लिहिली होती. प्रत्यक्षात त्यांनी 30 एप्रिल 1973 ला राजीनामा दिला, ज्येष्ठता डावलून ए. एन. रे सरन्यायाधीश झाल्यावर. रिपोर्ट चाळताना हे आपोआप लक्षात येते. 24 एप्रिल 1973 च्या केशवानंद भारती निकालात हेगडे आहेत, नंतरच्या महिन्यांत ते कुठेच नाहीत. वर्षभर आधी नाव गळाले तर शंका यायलाच हवी.

दुसरी चूक ‘वर गेले’ या रकान्यात होती. म्हैसूरच्या खंडांतून ते 1966 नंतर दिसेनासे होतात, आणि सर्वोच्च न्यायालयात येतात जुलै 1967 मध्ये. मधले महिने ते दिल्ली उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती होते; ते न्यायालयच 31 ऑक्टोबर 1966 ला सुरू झाले. म्हणजे म्हैसूरहून थेट सर्वोच्च न्यायालयात, असे लिहिले तर दोन्ही टोकांच्या तारखा बरोबर येऊनही ओळ चुकते. म्हैसूर सोडल्याची तारीख आणि सर्वोच्च न्यायालयात बसल्याची तारीख यांच्यात फट दिसली, की मधले न्यायालय शोधायचे.

आता सीमाभागाची खास अडचण. 1956 च्या आधीचे बेळगावचे दावे मुंबईच्या मालिकांत, नंतरचे म्हैसूरच्या, आणि 1 नोव्हेंबर 1973 ला राज्याचे नाव बदलल्यावर कर्नाटकाच्या. आमच्याकडच्या जुन्या वकिलांच्या कपाटांत हे तिन्ही सापडतात, हे आपले नशीब. 2008 नंतरचे धारवाडचे काम पाहताना एवढेच ध्यानात ठेवा की खंडपीठावर बसणे ही वेगळी नियुक्ती नाही. न्यायमूर्ती कर्नाटक उच्च न्यायालयाचेच असतात, फक्त तिथे बसतात. धारवाडचा पहिला निकाल म्हणजे नियुक्ती नव्हे.

मी स्वतः आधी रिपोर्ट उघडतो, खुंट्या ठोकतो, आणि मग अतिरिक्त की कायम एवढे पाहायला अधिसूचनेकडे जातो. ज्याला फक्त गेल्या पाच-दहा वर्षांतली नावे हवीत, त्याने उलटे करावे. ताज्या अधिसूचना घरबसल्या सापडतात. रिपोर्टचा एक दोष मात्र मला अजून सलतो. बांधणीवाला साप्ताहिक अंकांची वेष्टने आणि रोमन आकड्यांची पाने ‘जाहिरात’ समजून फाडून टाकतो, आणि यादी नेमकी तिथेच असते. मित्राच्या ग्रंथालयातले बरेच खंड असेच बोडके निघाले. शेवटी ती पाने निपाणीतल्या एका वकिलांच्या घरी मिळाली, कारण त्यांनी अंक कधी बांधायलाच दिले नव्हते.