उंच, अरुंद बीम: जाड सेक्शन घ्यायचा की ब्रेसिंग करायचं?

रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात पॅकिंग मटेरियलसाठी पोटमाळा करायचा होता. गाळा ८ मीटर रुंद, साडेबारा मीटर लांब. दर अडीच मीटरवर एक असे सहा बीम, प्रत्येकाचा स्पॅन ८ मीटर, त्यावर आडवे चॅनेलचे जॉइस्ट आणि वर प्लायवूड. मालकांपुढे दोन कोटेशनं होती. एकात आयएसएमबी ४००, म्हणजे ४०० मिलिमीटर उंचीचा आय आकाराचा बीम, दुसऱ्यात आयएसएमबी ६००. वजन जवळजवळ दुप्पट, त्यामुळे पैसेही तसेच. "मॅडम, काम एकच आहे ना? मग एवढा फरक कसा?" असं त्यांनी विचारलं. स्वस्त कोटेशनवाल्या फॅब्रिकेटरने बीमची ताकद बरोबर काढली होती, पण तो आडवा पडू शकतो हे धरलंच नव्हतं. महाग कोटेशनवाल्याने ते धरलं होतं आणि त्यावर एकच उपाय केला होता: लोखंड वाढवणं. या दोन्हींच्या मधे आणखी वाटा आहेत.

आधी बीम आडवा का पडतो ते बघू. स्टीलची फूटपट्टी धारेवर उभी धरा, दोन टोकं दोन पुस्तकांच्या फटीत अडकवा आणि मधोमध वरून बोटाने दाबा. ती खाली वाकत नाही. वरची कड अचानक एका बाजूला सरकते आणि अख्खी पट्टी पिळली जाते. बीमचंही तेच होतं. भार आला की वरची फ्लँज, म्हणजे आय आकाराची वरची आडवी पट्टी, दाबात जाते आणि खालची ताणात. दाबातली फ्लँज म्हणजे आडवा पडलेला लांब, बारीक खांबच. तिला खाली वाकायला मधली उभी पट्टी, म्हणजे वेब, देत नाही, म्हणून ती बाजूला पळते. खालची ताणलेली फ्लँज मात्र जागेवर राहू बघते, आणि या ओढाताणीत सेक्शन पिळतो. लॅटरल टॉर्शनल बकलिंग म्हणतात ते हेच. आयएसएमबी ४०० ची उभ्या दिशेतली जडता आडव्या दिशेतल्या जडतेच्या जवळजवळ ३३ पट आहे (२०,४५८ आणि ६२२ सेमी⁴). उंच, अरुंद सेक्शन किफायतशीर पडतो तो यामुळे, आणि त्याचा धोकाही यातच आहे.

आता या गाळ्याचा हिशेब. माळ्यावर चौरस मीटरला ५०० किलो माल, आणि जॉइस्ट, प्लाय वगैरेंचे १५० किलो. बीमचं स्वतःचं वजन मिळवून दीडचा गुणक लावला की प्रत्येक बीमवर सुमारे २०२ किलोन्यूटन-मीटर मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, येतो. आयएसएमबी ४०० ची पूर्ण ताकद आहे २६७. कागदावर काम झालं. पण ही ताकद मिळते ती वरची फ्लँज बाजूने पूर्ण धरलेली असेल तरच. आयएस ८००:२००७ या स्टील बांधकामाच्या कोडच्या सूत्रांनी, २५० मेगापास्कलच्या स्टीलला, ब्रेसिंगच्या, म्हणजे बाजूने धरणाऱ्या आडव्या लोखंडाच्या, अंतरानुसार ती अशी उतरते:

| वरची फ्लँज कुठे धरली आहे | मोकळी लांबी | ताकद (किलोन्यूटन-मीटर) |
|---|---|---|
| फक्त दोन टोकांना | ८ मी | ७३ |
| मध्यावर एक | ४ मी | १५० |
| दोन ठिकाणी | २.६७ मी | २०६ |
| तीन ठिकाणी | २ मी | २३१ |

पहिली ओळ पुन्हा वाचा. २०२ हवेत आणि हाती आहेत ७३. त्या ७३ मधून माळ्याचं स्वतःचं वजन वजा केलं तर मालासाठी चौरस मीटरला जेमतेम ७० किलो उरतात. दर चौरस मीटरला एक माणूस उभा राहिला की मर्यादा संपली.

तिसऱ्या ओळीत २०६ दिसतात, म्हणजे दोन ब्रेस पुरेसे वाटतात. मी तिथे थांबत नाही. माल वरच्या फ्लँजवर बसतो. फ्लँज बाजूला सरकली तर भारही तिच्याबरोबर सरकून पिळाला आणखी जोर देतो. अशा भाराला कोड मोकळी लांबी २० टक्के जास्त धरायला सांगतो. तसं केलं की दोन ब्रेसची ताकद १८३ वर येते, म्हणजे नापास. तीन ब्रेसची २१७ राहते. म्हणून तीन.

जाड सेक्शनची वाट सगळ्यात सरळ आहे. ब्रेसिंग काही न करता आयएसएमबी ५५० ची ताकद २०९ येते, पण बीमचं वाढलेलं वजन धरलं की गरजच २०७ होते, आणि वरचे २० टक्के लावले की तो पडतो. म्हणून ६०० च घ्यावा लागतो. त्याची ताकद तोच दंडक लावूनही २४० च्या वर आहे. एक बीम ९८१ किलोचा, ४०० चा ४९३ चा. सहा बीम धरले तर ५.९ टन विरुद्ध ३ टन. शिवाय माळ्याखालची उंची २०० मिलिमीटरने कमी होते, आणि गाळ्यात क्रेन येत नसेल तर जवळजवळ एक टनाचा नग चेनपुलीने वर चढवावा लागतो. या वाटेचा खरा फायदा वेगळा आहे: उद्या कोणी जॉइस्ट कापला, प्लाय काढला, तरी बीमची ताकद तशीच राहते. भाडेकरू दर दोन वर्षांनी बदलतात अशा गाळ्यात मी हे पैसे वाया गेले असं म्हणणार नाही.

दुसरी वाट म्हणजे ४०० चाच बीम, आणि वरच्या फ्लँजला आडवं ब्रेसिंग. इथे लोकांना वाटतं त्यापेक्षा बळ फार कमी लागतं. दाबातल्या फ्लँजमध्ये २०२ भागिले ०.३८४ मीटर, म्हणजे सुमारे ५२६ किलोन्यूटन बळ असतं. कोडप्रमाणे तिला बाजूने धरायला त्याच्या अडीच टक्के, १३ किलोन्यूटन, पुरतात. १६ मिलिमीटरचा ४.६ ग्रेडचा एक साधा बोल्ट २९ किलोन्यूटन कातर घेतो. फ्लँज पळायला लागण्याआधीच धरायची असते, म्हणून इतक्या थोड्यात भागतं. एकदा ती पळाली की मग टनांनी बळ लावूनही ती परत येत नाही.

आणि जॉइस्ट तर तिथे आहेतच. स्वस्त कोटेशनमध्ये ते बीमवर नुसते ठेवून वेल्डिंगचा एकेक टाका मारायचा होता. त्याऐवजी दर २ मीटरवरचा जॉइस्ट प्रत्येक बीमच्या वरच्या फ्लँजला दोन बोल्टांनी पक्का करायचा. पण एवढ्याने काम होत नाही, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. सहा बीम एकमेकांना बांधले आणि बाकी कशालाच नाही, तर सहाही हात धरून एकाच बाजूला जातील. धरणाऱ्याला स्वतःला कुठेतरी पाय रोवावा लागतो. म्हणून एका बेमध्ये, म्हणजे लगतच्या दोन बीमांमधल्या पट्ट्यात, त्यांच्या वरच्या फ्लँजच्या पातळीत, ६५ × ६५ × ६ च्या अँगलचे फुलीसारखे कर्ण टाकायचे. तो बे आडवा ट्रस बनतो आणि सगळा रेटा टोकांच्या आरसीसी खांबांपर्यंत नेतो. सहा बीमांचा रेटा त्या एका बेमध्ये जमतो, म्हणून तिथले जोड इतर जॉइस्टच्या बोल्टांवरून ठरवू नका, वेगळा हिशेब करा. या सगळ्याचं जादा लोखंड क्लीटसकट २०० किलोच्या आसपास. एकूण ३.२ टन.

तिसरी वाट पिळाला थेट अडवते. दोन बीमांच्या मधे, त्यांच्या उंचीतच, आयएसएमसी २०० चा आडवा चॅनेल टाकायचा आणि तो वेबला उभ्या लावलेल्या स्टिफनर पट्टीला पूर्ण वेल्ड किंवा चार बोल्टांनी जोडायचा. मग एक बीम पिळायला गेला तर त्याला तो चॅनेल वाकवावा लागतो. इथे कर्ण लागत नाहीत, खांबाला रेटा देण्याची गरज नसते, आणि वरचे जॉइस्ट काढता-घालता येतात. मात्र जोड कडक हवा. नुसत्या वेबला एका क्लीटवर दोन बोल्टांनी टांगलेला चॅनेल फक्त दिसायला ब्रेस असतो, पिळ अडवत नाही. तीन ओळींचे चॅनेल आणि स्टिफनर मिळून जवळजवळ ९५० किलो, एकूण ३.९ टन. जुन्या गाळ्यात, जिथे भिंतीवर किंवा खांबांवर भरवसा ठेवता येत नाही, तिथे मी हीच वाट सुचवते.

पेटीचा बीमही आहे: दोन आयएसएमसी ३५० तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेले. बंद सेक्शन सहज पिळत नाही, आणि पोकळ सेक्शनला कोड हा तपासच मागत नाही. वजन साधारण ४ टन. पण प्रत्येक बीमला १६ मीटर शिवण येते, एका बाजूने सलग वेल्ड केलं की बीम केळ्यासारखा वाकतो, आणि टोकं नीट बंद केली नाहीत तर खाडीच्या दमट हवेत तो आतून गंजतो. बाहेरून काहीच दिसत नाही. मी इथे तो घेतला नसता.

ब्रेसिंग कुठे आहे हे ते आहे की नाही याइतकंच महत्त्वाचं. तुर्भ्याच्या एका गोदामात मला बोलावलं होतं. माळा भरला की आवाज येतो अशी तक्रार होती. खाली उभं राहून पाहिलं तर अँगल व्यवस्थित लावलेले, रंगवलेलेसुद्धा. फक्त सगळे खालच्या फ्लँजला. शिडीवरून तिथे हात पोचतो म्हणून. ताणातल्या फ्लँजला बांधून उपयोग शून्यच म्हणायचा. आम्ही वरच्या फ्लँजच्या कडेला टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणला. मध्यावर फ्लँज दोऱ्यापासून २२ मिलिमीटर दूर होती. वेबला ओळंबा लावला तर तोही खालच्या कडेपासून सुटलेला. ८ मीटरला ८ मिलिमीटरपर्यंतचा वाक मी कारखान्यातला समजते. पण भार वाढल्यावर आकडा वाढत असेल, तर आकडा कितीही असो, माल उतरवायचा. तिथे आम्ही त्याच दिवशी उतरवला आणि नंतर अँगल वर नेले.

एक मर्यादा सांगायला हवी. हे सगळं दोन टोकांवर साध्या टेकलेल्या बीमचं आहे. मधे खांब येऊन बीम त्यावरून सलग जात असेल, तर त्या खांबाजवळ खालची फ्लँज दाबात जाते आणि वरचं ब्रेसिंग तिथे पुरत नाही. तिथे खाली धरावं लागतं.

रबाळ्याच्या मालकांनी दुसरी वाट घेतली. गाळा त्यांचा स्वतःचा, खांब नवे, आणि वाचलेले २०० मिलिमीटर त्यांना खाली स्टॅकरसाठी हवेच होते. बोल्ट घट्ट झाल्यावर आणि कर्ण लागल्यावरच प्लाय अंथरायचा, असं मिस्त्रींना ड्रॉइंगवरच लिहून दिलं. रिकाम्या माळ्याला दोरा लावला तेव्हा सगळ्यात वाईट बीम ४ मिलिमीटरवर होता, माल भरल्यावरही ४ वरच. पुढे कोणी जिन्यासाठी किंवा लिफ्टसाठी माळ्याला भोक पाडायला आलं तर त्याला कळावं, म्हणून ते तीन ओळींचे जॉइस्ट आणि कर्ण पिवळे रंगवून घेतले आणि त्यावर काळ्या अक्षरांत लिहिलं: 'इंजिनिअरला विचारल्याशिवाय कापू नये.'