स्कर्टिंगसाठी टाइल किती कापायच्या: एकूण लांबीवरून काढायचं की भिंत भिंत मोजून?

स्कर्टिंगचा हिशोब दोन प्रकारे करतात. एक म्हणजे खोलीची परिमिती काढायची, दरवाजे वजा करायचे, उरलेल्या लांबीला एका पट्टीच्या लांबीने भागायचं की झालं. दुसरा म्हणजे प्रत्येक भिंत वेगळी घेऊन तिथे पट्ट्यांचे सांधे कुठे येणार ते बघत मोजायचं. पहिला दोन मिनिटांत होतो, दुसऱ्याला कागद पेन्सिल आणि थोडी चिकाटी लागते. कुठला घ्यायचा ते एका खोलीवर बघू.

खोली ३.७५ बाय ३.१५ मीटर, टाइल ६०० बाय ६०० मिमी, आणि स्कर्टिंग १०० मिमी उंच हवंय. लांब भिंतीत एक दरवाजा, कोपऱ्यापासून १५० मिमीवर, आणि आखूड भिंतीच्या बरोबर मध्ये १.८ मीटरचा सरकता दरवाजा. परिमिती झाली १३.८ मीटर.

आता वजाबाकी. इथे बऱ्याच जणांचं चुकतं, कारण मापतात दाराची फळी. स्कर्टिंग येऊन थांबतं चौकटीच्या बाहेरच्या कडेला, त्यामुळे माप घ्यायचं चौकटीच्या बाहेरून बाहेर, आणि चौकटीवरून लाकडी पट्टी मारणार असाल तर तिच्याही बाहेरून. आपल्या दाराचं ते माप ०.९ मीटर आहे. खिडक्या वजा करायच्या नाहीत, त्या वर असतात. दोन खोल्यांमधलं एकच दार असलं तरी ते दोन्ही खोल्यांच्या हिशोबात वजा होतं, ते विसरू नका. १३.८ वजा २.७ म्हणजे ११.१ मीटर. सरकत्या दाराची फ्रेम भिंतीच्या बाहेरच्या बाजूला बसली असेल तर आतल्या बाजूला भिंतीची जाडी उघडी राहते, तिथे दोन्हीकडे १००-१०० मिमीचे तुकडे परत जोडावे लागतात. ते कापलेल्या पट्ट्यांच्या उरलेल्या टोकांतून निघतात, वेगळी टाइल लागत नाही.

पहिल्या पद्धतीने ११.१ भागिले ०.६ म्हणजे १८.५, धरा १९ पट्ट्या.

दुसऱ्या पद्धतीत आधी फरशी कशी लागणार ते ठरवावं लागतं. चांगला मिस्त्री ती मध्यापासून लावतो, म्हणजे ३.७५ मध्ये पाच पूर्ण टाइल आणि दोन्ही कडांना ३७५ मिमी, ३.१५ मध्ये चार पूर्ण आणि कडांना तेवढेच ३७५. (सांध्यांचे दोन-दोन मिमी मी सोडून दिलेत, त्याने कडेचा तुकडा थोडा बारीक होतो एवढंच.) स्कर्टिंगचे सांधे फरशीच्या सांध्यांच्या रेषेत हवे असतील तर बिनदाराच्या लांब भिंतीला पाच पूर्ण पट्ट्या आणि ३७५ चे दोन तुकडे. ६०० च्या पट्टीतून ३७५ चा एकच तुकडा निघतो, मग त्या भिंतीला सात पट्ट्या गेल्या. आखूड भिंतीला सहा. दरवाजाच्या भिंतीत तीन पूर्ण, एक ५२५ ची, एक ३७५ ची, म्हणजे पाच, आणि कोपऱ्यातला १५० चा तुकडा उरलेल्या २२५ मधून. सरकत्या दाराच्या भिंतीला दोन ३७५ आणि दोन ३०० चे तुकडे, दोन्ही ३०० एकाच पट्टीतून, म्हणजे तीन पट्ट्या. बेरीज २१.

म्हणजे १९ आणि २१. दोन पट्ट्यांचाच फरक, पण त्याचा परिणाम टाइलच्या आकड्यावर होतो की नाही हे एका टाइलमधून किती पट्ट्या काढता यावर अवलंबून आहे. कागदावर ६०० भागिले १०० म्हणजे सहा. प्रत्यक्षात कटरचं ब्लेड दर कापाला साधारण दोन मिमी खातं, सहा पट्ट्यांना पाच काप, म्हणजे १० मिमी गेले आणि शेवटची पट्टी भरते ९० ची. तेव्हा १०० च हवं असा हट्ट असेल तर टाइलमागे पाच, आणि ९८ चालत असेल तर सहा.

| | ९८ मिमी, टाइलमागे सहा | १०० मिमी, टाइलमागे पाच |
|---|---|---|
| एकूण लांबीवरून, १९ पट्ट्या | ४ टाइल | ४ टाइल |
| भिंत भिंत मोजून, २१ पट्ट्या | ४ टाइल, ३ पट्ट्या शिल्लक | ५ टाइल |

माझं मत विचाराल तर ९८ घ्या, भिंतीवर लागल्यावर दोन मिमी कुणालाही दिसत नाहीत. फक्त सगळ्या घरात ९८ च ठेवा, एका खोलीत ९८ आणि बाहेर १०० असं केलंत तर दारापाशी दोन्ही शेजारी येतात आणि पायरी लगेच डोळ्यात भरते.

पण खरी गोम वरच्या कडेची आहे. टाइलच्या सहा पट्ट्यांपैकी कारखान्यातली कड फक्त बाहेरच्या दोन पट्ट्यांना मिळते, मधल्या चार दोन्हीकडून कापलेल्या. ती कापलेली कड वर आली की त्यावर बारीक टवके दिसतात, आणि टाइल वरून रंगीत आणि आतून वेगळ्या रंगाची असेल तर भिंतीलगत एक उपरी रेघ दिसत राहते. घासून टवके जातात, आतला रंग काही जात नाही. प्रत्येक पट्टीला कारखान्याची कड हवी म्हणाल तर टाइलमागे दोनच पट्ट्या, २१ पट्ट्यांना ११ टाइल, एवढं कोण करतंय!

आणि इथेच फरशी मध्यापासून लावल्याचा फायदा आहे. ३७५ हे अर्ध्यापेक्षा जास्त, म्हणून कडेच्या प्रत्येक तुकड्याला अख्खी टाइल जाते आणि मागे साधारण २२३ मिमी रुंद, ६०० लांब तुकडा उरतो, त्याच्या एका लांब बाजूला कारखान्याची कड शाबूत असते. या खोलीत कडेचे असे १८ तुकडे, आणि चार कोपऱ्यांतून आणखी चार, एकूण २२. प्रत्येकातून कारखान्याच्या कडेची एक पूर्ण १०० मिमीची पट्टी निघते. लागतात २१. म्हणजे स्कर्टिंगला वेगळी टाइलच नको, वर ९८ की १०० हा वादही संपला. शिवाय प्रत्येक तुकड्यातून दुसरी पट्टीही निघते, दोन्हीकडून कापलेली का होईना, पलंगामागे किंवा कपाटाच्या आड ती खपून जाते.

अट एवढीच की ते तुकडे जपून ठेवायला सांगितलं पाहिजे. आमच्याकडे फरशी झाली त्या संध्याकाळी सगळे तुकडे गोण्यांत भरून खाली गेले, मग स्कर्टिंगसाठी चार टाइल नव्याने आणल्या, त्यांच्या खोक्यावरचा बॅच नंबर वेगळा निघाला आणि शेड किंचित पिवळट. दिवसा कळत नाही, रात्री लाइट लावला की कळतं.

फरशी कोपऱ्यापासून लावली असेल तर हे गणित चालत नाही, कारण मग कडेला १५० मिमीच लागतात, एका टाइलमधून तीन-तीन निघतात आणि मागे फारसं काही उरत नाही. फरशी आधीच होऊन गेली असेल तेव्हाही वरचा तक्ता आहेच, फक्त २१ चा आकडा मध्यापासून लावलेल्या फरशीचा आहे, तुमच्या सांध्यांप्रमाणे भिंत भिंत परत मोजावी लागेल. आणि सांधे जुळवायचेच नसतील, फरशी एका मापाची आणि स्कर्टिंग गडद रंगाचं वेगळ्या टाइलचं असं असेल, तर सरळ लांबीवरून काढा, वर एखादी टाइल तुटफुटीला धरा, भिंत भिंत मोजत बसायची गरज नाही.