नकाशात गडद रंग, टेबलावर उणे 117

बारा महिन्यांचे पैसे एकरकमी भरले आणि सिम चाललं 19 दिवस. तेही चालवून घेतलं म्हणून. उरलेले 346 दिवस गेले बाराच्या भावात. मी घरून काम करतो, दिवसातून चार-पाच कॉल असतात, म्हणजे नेटवर्क निवडताना मी काही डोळे मिटून उडी मारली नव्हती. कंपनीच्या साइटवर जाऊन कव्हरेजचा नकाशा पाहिला होता. आमच्या घरावर सगळ्यात गडद रंग होता. आणखी काय बघायला हवं होतं?

बघायला हवी होती ती नकाशाखालची बारीक अक्षरातली ओळ : ‘घराबाहेरील अंदाजित कव्हरेज’. मी ती वाचली होती, हेच जास्त झोंबतं. वाचली आणि पुढे गेलो. तो रंग कुणी आमच्या गल्लीत फिरून मोजलेला नसतो. टॉवरची उंची, अँटेनाची दिशा आणि जमिनीचा चढउतार संगणकात घालून काढलेला तो हिशेब असतो, आणि त्यात आपण उघड्यावर उभे आहोत असं धरलेलं असतं. माझं टेबल दोन काँक्रीटच्या भिंतींच्या आत आहे.

खरी चूक मात्र दारात झाली. सिम विकायला आलेल्या माणसाने फाटकाशी उभं राहून स्पीड टेस्ट काढून दाखवली. आकडा जोरदार आला. मी म्हटलं, ‘आत येऊन दाखवा.’ आत येता येता माझ्या डोळ्यांसमोर चार दांड्यांची एक झाली. तो म्हणाला, ‘नवीन सिम आहे साहेब, सेट व्हायला दोन दिवस लागतात.’ आणि मी मान डोलावली! चालू झालेलं सिम भिंतीतून आरपार जायला दोन दिवसांत शिकत नाही, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. पण माणूस समोर उभा असला की भीड पडते. तुमचीही पडली असती.

विसाव्या दिवशी डोकं ठिकाणावर आलं आणि फोनमध्ये NetMonster हे सिग्नल मोजायचं अॅप घातलं. त्याला लोकेशनची परवानगी द्यावीच लागते, नाहीतर अँड्रॉइड टॉवरची माहिती दाखवत नाही. दांड्या बघूच नका. किती सिग्नलला किती दांड्या, हे प्रत्येक फोन आपल्या मर्जीने ठरवतो. बघायचा तो RSRP, म्हणजे टॉवरचा सिग्नल फोनपर्यंत किती ताकदीने पोचतो ते सांगणारा, डीबीएममधला उणे आकडा. साधारण उणे 90 च्या वर असेल तर उत्तम, उणे 100 च्या आसपास असेल तर निभावतं, उणे 110 च्या खाली गेला की कॉल तुटायला लागतात.

फाटकाशी उणे 88. बैठकीत उणे 104. टेबलावर उणे 117. दिसायला फरक 29 चा, पण दर 10 ला सिग्नल दहापट घटतो, म्हणजे टेबलापर्यंत पोचेतो तो जवळजवळ आठशेपट कमी झाला होता. त्याच फोनच्या दुसऱ्या खाचेत माझं जुनं सिम होतं, जे मी ‘स्लो आहे’ म्हणून सोडत होतो. त्याच टेबलावर त्याचा आकडा उणे 97. जुनं बँड 8 वर होतं, म्हणजे 900 मेगाहर्ट्झ. नवीन बँड 40 वर, म्हणजे 2300. जास्त फ्रिक्वेन्सी भिंतीत जास्त अडते. फाटकाशी जो बँड वेग देत होता, तोच आत मरत होता.

आयफोनवाल्यांना अॅप लागत नाही. हे डायल करा, फील्ड टेस्ट उघडते :

```
*3001#12345#*
```

एक मात्र ध्यानात ठेवा, अॅप फक्त फोनमधल्या सिमचं नेटवर्क मोजतं. नव्या कंपनीचं मोजायचं तर तिचंच सिम हवं. कुणा ओळखीच्याचं अर्ध्या दिवसासाठी मागा. लाज वाटली तरी मागा.

तक्रारीची कथा तर विचारूच नका. पहिल्या फोनला ‘रीस्टार्ट करा’. दुसऱ्याला ‘नेटवर्क सेटिंग रीसेट करा’, त्यात घरातल्या वायफायचे पासवर्डही उडाले. तिसऱ्या वेळी मी तिन्ही आकड्यांचे स्क्रीनशॉट पाठवले. उत्तर : ‘आपल्या परिसरात कव्हरेज उत्कृष्ट आहे.’ पुरावा म्हणून सोबत काय जोडलं असेल? तोच नकाशा! आणि लगेच मेसेज, तक्रारीचे निवारण झाले आहे. कुणी केलं, कधी केलं? वर दाद मागितली, तर तिथून माझा अर्ज त्याच कंपनीकडे ‘योग्य कार्यवाहीसाठी’ रवाना झाला. कंपनीने या वेळी ती बारीक ओळ काढून दाखवली : आम्ही घराबाहेरचंच सांगितलं होतं.

आकडा चांगला येऊनही नेट रांगत असेल तर भिंतीला दोष देऊ नका, बहुधा टॉवरवर गर्दी असते. म्हणून स्पीड टेस्ट रात्री नऊला काढा, दुपारी नव्हे. आणि उभं राहून नको, जिथे बसून काम करता तिथे बसून, दार लावून. पहिल्यांदा एका महिन्याचंच रिचार्ज मारा, मग विकणारा वर्षाची सूट कितीही दाखवो.

परवा सहज गच्चीवर मोजलं. उणे 84. आमच्या पाण्याच्या टाकीला झकास नेटवर्क आहे, अजून दहा महिने.