दोरा गिळलेले मांजर: वाट पाहावी की पोट उघडावे?

मांजराने दोरा गिळल्याची शंका असली आणि ते वारंवार उलट्या करू लागले, की मालकापुढे बहुधा दोन मार्ग ठेवले जातात. पहिला मार्ग म्हणजे सलाईन, उलटी थांबवणारे इंजेक्शन आणि एक-दोन दिवस लक्ष ठेवणे. दोरा शौचावाटे आपोआप निघून जाईल अशी त्यात अपेक्षा असते. दुसरा म्हणजे त्याच दिवशी सोनोग्राफी करणे आणि तीत आतडे गोळा झालेले दिसले तर लगेच शस्त्रक्रियेला तयार होणे. आमच्या चिंगीच्या वेळी मी दुसरा मार्ग निवडला. शेजारच्या वहिनींच्या बोक्याला पहिल्या मार्गाने गुण आला, तेही मी जवळून पाहिले आहे. त्यामुळे पहिला मार्ग चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. मात्र तो कोणत्या परिस्थितीत घ्यावा याच्या अटी बऱ्याच कडक आहेत, असे माझे मत झाले आहे.

दोऱ्याचा धोका हा इतर गिळलेल्या वस्तूंपेक्षा वेगळ्या जातीचा असतो. मणी किंवा रबराचा तुकडा आतड्यात पुढे सरकतो, किंवा एका ठिकाणी अडतो. दोऱ्याचे तसे नसते. त्याचे एक टोक कुठेतरी अडकते: मांजरात बहुतेक वेळा जिभेच्या मुळाशी वेढा बसून, नाहीतर जठर जिथे आतड्यात उघडते त्या अरुंद तोंडाशी गाठ किंवा गुंता होऊन. उरलेला दोरा आतड्यात उतरतो आणि आतडे आपल्या नेहमीच्या हालचालीने त्याला पुढे ढकलू पाहते. टोक सुटत नाही, त्यामुळे दोरा पुढे जाण्याऐवजी आतडेच दोऱ्यावर चढत जाते आणि नेफ्यातली नाडी ओढल्यावर कापडाला पडाव्यात तशा त्याला चुण्या पडतात. ताणलेला दोरा मग या चुण्यांच्या आतल्या कडेवर, म्हणजे आतडे ज्या पातळ पडद्याने पाठीकडे जोडलेले असते त्या बाजूला, घासत राहतो. आतड्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर तो थोडा थोडा कापत जातो. म्हणून भोक पडते ते पुष्कळदा एकच नसते. एका ओळीत अनेक बारीक भोके पडू शकतात. त्यातून आतड्यातले द्रव पोटाच्या पोकळीत गळू लागले, की संसर्ग पसरून प्रकरण जिवावर बेतते.

मांजरच यात जास्त का सापडते, याचे एक कारण त्याच्या जिभेत आहे. जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असल्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकून टाकणे त्याला जमत नाही आणि चाटता चाटता तो आतच जातो. पुण्याच्या घरांत असा दोरा बारा महिने असतो: गजऱ्याचा, हाराचा, शिवणाचा, संक्रांतीच्या आसपास गच्चीवर पडलेला मांजा, आणि गणपती-दिवाळीला रविवार पेठेतून आणलेल्या चमकीच्या झिरमिळ्या. झिरमिळ्या दोऱ्याइतक्याच वाईट आहेत. त्या चपट्या असतात, सहज तुटतात, आणि हलत्या चकाकीमुळे मांजर त्यांच्यावर हमखास झेपावते.

वहिनींच्या बोक्याची गोष्ट पहिल्या मार्गाची उत्तम बाजू दाखवते. संध्याकाळी ब्लाउजला हातशिलाई घालताना दोऱ्याचा तुकडा नाहीसा झाला, आणि काही वेळातच बोका लाळ गाळत पंजाने तोंड पुसू लागला. रात्र पडण्याआधीच त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तोंड उघडून नुसते आत पाहिले नाही. खालच्या जबड्याच्या दोन हाडांमधल्या मऊ जागेत बाहेरून अंगठा वर दाबला, त्याबरोबर जीभ उचलली गेली आणि तिच्या मुळाशी दोऱ्याची रेघ दिसली. ही तपासणी प्रत्येक उलटी करणाऱ्या मांजराची व्हायला हवी. मांजर तोंड उघडू देत नसेल, तर त्यासाठी हलकी भूल देणेही रास्त आहे. डॉक्टरांनी तो वेढा कापला, बोक्याला ठेवून घेतले, आणि मोकळा झालेला दोरा पुढे शौचातून बाहेर आला.

त्यात काय काय जुळून आले होते ते पाहावे. गिळून काही तासच झाले होते. अडकण्याची जागा सापडली होती आणि तिथे हात पोचत होता. पोट दुखत नव्हते, ताप नव्हता. दोऱ्याला सुई नव्हती. आणि बोका डॉक्टरांच्या नजरेखाली होता, घरी नव्हता. यातली एखादी गोष्ट कमी असेल, तर वाट पाहण्याचा आधार लगेच कच्चा होतो.

चिंगीच्या बाबतीत पहिलीच अट पुरी होत नव्हती. देव्हाऱ्यातला गजरा कुरतडलेला सापडला, फुले जमिनीवर होती आणि दोरा नव्हता. तिच्या जिभेखाली काहीच दिसले नाही. एक्स-रेमध्ये दोरा दिसला नाही, आणि तो दिसतही नाही. सुती किंवा नायलॉनचा दोरा एक्स-रेला पारदर्शकच असतो, सुई असेल तर तेवढी दिसते. दिसते ते अप्रत्यक्ष: आतडी पोटभर पसरलेली असण्याऐवजी एका बाजूला गोळा झालेली, आणि त्यांत हवेचे लांबट बुडबुडे नसून स्वल्पविरामासारखे बारीक, वाकडे ठिपके. चिंगीच्या एक्स-रेत अशी थोडी छटा होती, खात्रीने बोलावे इतकी नव्हती. डॉक्टरांनी दोन्ही मार्ग प्रामाणिकपणे समोर ठेवले.

माझा निर्णय ज्या एका अडचणीवर झाला, ती खर्चाची किंवा भुलेच्या भीतीची नव्हती. वाट पाहायची म्हणजे लक्षणांवर नजर ठेवायची. आणि वाट पाहताना जे उपचार देतात, ते नेमकी तीच लक्षणे झाकतात. उलटी थांबवणाऱ्या ज्या इंजेक्शनचा आज सर्रास वापर होतो, त्याचा परिणाम साधारण 24 तास टिकतो. सलाईनने शरीरातले पाणी भरून निघते आणि मांजर काही तास तरतरीत दिसते. चिंगीला ही दोन्ही दिल्यावर ती टोपलीत उठून बसली, अंग चाटू लागली, आणि घरातल्या सगळ्यांना वाटले की संकट टळले. पण दोऱ्याबद्दल आम्हाला आधीपेक्षा काहीही अधिक कळलेले नव्हते. उलट्या बंद झाल्या त्या औषधाने; दोरा सुटला म्हणून बंद झाल्या की नाही, हे औषध उतरेपर्यंत कळण्याची सोय नव्हती, आणि तेवढ्या काळात दोरा आपले काम करत राहणार होता. ही गोष्ट मला फार खुपली. औषध देऊ नये असे मी म्हणत नाही, कारण सतत उलट्या होणाऱ्या मांजराला ते द्यावेच लागते. पण ते दिल्यानंतर ‘उलटी थांबली’ हा पुरावा म्हणून धरता येत नाही, आणि मग निरीक्षण करायचे ते कशाचे, हा प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर इतर लक्षणांत आहे, आणि ती ओळखता येणे दोन्ही मार्गांत गरजेचे आहे. सर्वांत जास्त विश्वास मी भुकेवर ठेवतो: औषधाने उलटी थांबूनही मांजर आवडीच्या खाण्याला तोंड लावत नसेल, तर ते बरे झालेले नाही. दुसरे, बसण्याची ढब. पाय पोटाखाली घेऊन, पाठ किंचित वर काढून, डोळे अर्धवट मिटून एका कोपऱ्यात बसणे, आणि उचलताना पोटाला हात लागताच अंग आखडणे, हे पोटदुखीचे चिन्ह असते. तिसरे, गुदद्वारातून लोंबणारा दोरा. तो दिसला तर दुसरे टोक आत अडकलेले असू शकते, म्हणून तो ओढायचा नाही. तोंडातून दिसणारा दोराही ओढायचा नाही, आणि घरी कापायचा नाही, कारण तेच टोक डॉक्टरांना जागा दाखवते. मीठ देऊन उलटी काढणे किंवा एरंडेल पाजणे हे तर अगदीच टाळावे. आतड्याची हालचाल वाढली की दोऱ्याची घासणीही वाढते. याउलट, शी झाली म्हणून निर्धास्त होऊ नये. दोरा आतडे पूर्ण बंद करेलच असे नसते, त्यामुळे थोडी शी होतही राहते. घुरघुरण्यावरूनही काही ठरवू नये. दुखणाऱ्या मांजरीसुद्धा घुरघुरतात.

सोनोग्राफीत चिंगीच्या आतड्यात एक चकाकती रेघ आणि तिच्याभोवती घड्या पडलेली आतड्याची भिंत स्पष्ट दिसली. शस्त्रक्रियेत आधी जठर उघडून तिथली गाठ मोकळी केली. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण अडकलेले टोक सोडवण्याआधी आतड्यातून दोरा ओढला तर तोच आतडे चिरतो. नंतर आतड्यावर एक लहान छेद घेऊन उरलेला दोरा सावकाश काढला. दोरा लांबवर गेला असेल तर असे छेद दोन-तीन घ्यावे लागतात. भोक पडलेले नव्हते. पडले असते, तर तेवढे आतडे कापून दोन टोके जोडावी लागली असती, आणि मग शस्त्रक्रिया लांबते, धोका वाढतो, खर्चही वाढतो.

दुसऱ्या मार्गाचे तोटे खरे आहेत. भुलेचा धोका असतो, गळपट्टा आणि टाके सांभाळावे लागतात, आणि टाक्यातून गळती होण्याची भीती शस्त्रक्रियेनंतर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत राहते. त्या काळात मांजर पुन्हा मलूल झाले, ताप आला किंवा खाणे सोडले, तर टाके काढण्याच्या तारखेची वाट न पाहता परत न्यावे. पैशाची बाजू मी हलकी मानत नाही. पण पहिला मार्ग स्वस्त वाटतो तो यशस्वी झाला तरच. वारंवार एक्स-रे, भरतीचे दिवस आणि शेवटी बिघडलेल्या पोटावर शस्त्रक्रिया असे झाले, तर हिशोब उलटतो. शिवाय मांजर काही दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठू लागते, आणि लठ्ठ मांजरांत हा आजार मूळ दुखण्याइतकाच जड जातो.

त्यामुळे माझा कल असा आहे. दोरा जिभेखाली सापडला, नुकताच गिळलेला आहे, मांजर हुशार आहे आणि दवाखान्यात ठेवण्याची सोय आहे, तर तो कापून थांबायला हरकत नसावी. मात्र पुढच्या 24 तासांत भूक परतली नाही किंवा पोट दुखू लागले तर लगेच शस्त्रक्रिया, हे आधीच ठरवून. जिभेखाली काही नाही, उलट्या सुरू आहेत आणि घरातला दोरा हरवलेला आहे, तर मी सोनोग्राफीसाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणार नाही.

पुण्यात दवाखाने पुष्कळ असले तरी रात्री सगळीकडे सगळे होत नाही. निघण्यापूर्वी फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात: आत्ता सोनोग्राफी करणारे कोणी आहे का, मांजराच्या पोटाची शस्त्रक्रिया आजच होऊ शकेल का, आणि रात्रभर त्याच्याजवळ माणूस असेल का. तिन्हींचे उत्तर नाही असेल, तर मी थोडे लांबचे ठिकाण पत्करेन. जाताना कुरतडलेला गजरा, उरलेली झिरमिळी किंवा दोऱ्याचे रीळ पिशवीत घालून सोबत न्यावे. किती लांब आणि कशाचा दोरा गेला असेल, आणि त्याला सुई होती का, याचा अंदाज डॉक्टरांना त्यावरूनच सर्वांत चांगला येतो.